कच्च्या पपईची टुटीफ्रुटी : पांढरी फोड काचेसारखी कशी होते

टुटीफ्रुटी म्हणजे साखरेच्या पाकात मुरवलेले, रंग दिलेले कच्च्या पपईचे बारीक चौकोनी तुकडे. इटालियन भाषेत या शब्दांचा अर्थ ‘सगळी फळे’ असा होतो. युरोपात ते नाव निरनिराळ्या फळांच्या पाकवलेल्या तुकड्यांच्या मिश्रणाला आणि ते घातलेल्या आइस्क्रीमला मिळाले. भारतात नाव तेच राहिले, पण सगळ्या फळांच्या जागी एकटी पपई येऊन बसली. बेकरीतला फ्रूट केक आणि बन, हैदराबादचे फ्रूट बिस्कीट, आइस्क्रीमचा पेला, गोड पान या सगळ्यांत दिसणारे लाल, पिवळे, हिरवे मणी बहुतेक वेळा पपईचेच असतात. काही ठिकाणी कलिंगडाच्या सालीखालचा पांढरा भाग किंवा गाजरही वापरतात.

पपईची निवड योगायोगाने झालेली नाही. कच्च्या पपईचा गर जाड असतो, त्यात धागे नसतात, त्याला स्वतःची अशी चव किंवा वास फारसा नसतो आणि रंगही जवळजवळ पांढरा असतो. त्यामुळे रंग द्यावा तो चढतो आणि इसेन्स घालावा तो लागतो. झाडाला फळे वर्षभर येत राहतात, शिवाय एक खास सोय आहे. कच्च्या पपईच्या सालीवर उभे चरे पाडून निघणारा चीक गोळा करतात. त्यापासून पपेन हे पाचक द्रव्य बनते. असे चरे पडलेले फळ बाजारात पिकी पपई म्हणून विकले जात नाही, कारण सालीवर वण राहतात. आतला गर मात्र चांगला असतो आणि तो टुटीफ्रुटीसाठी जातो. एका फळाचा चीक एका उद्योगाला आणि गर दुसऱ्याला, अशी ही वाटणी आहे.

घरात मोरावळा किंवा कोहळ्याचा पेठा केलेल्या माणसाला ही कृती अर्धी माहीतच असते. फळ घट्ट करणे, उकळत्या पाण्यातून काढणे आणि पाक रोज थोडा थोडा दाट करत नेणे, हा क्रम तिन्हीकडे एकच आहे. टुटीफ्रुटीत भर पडते ती रंगाची. रंग ही शेवटी वरून लावायची गोष्ट वाटते, पण तुकडा चमकदार दिसेल की मळकट, हे रंगाची डबी उघडण्याच्या बरेच आधी ठरलेले असते.

कच्च्या पपईची फोड पांढरी आणि अपारदर्शक दिसते, कारण गराच्या पेशींच्या मधल्या जागांत हवा असते. प्रकाश पेशींतल्या पाण्यातून हवेत आणि हवेतून पुन्हा पाण्यात जाताना जागोजागी विखुरतो. बर्फाचा चुरा पांढरा दिसतो तो याच कारणाने. ही हवा बाहेर काढून तिची जागा पाकाने भरली की प्रकाश फोडीतून आरपार जातो. अशा फोडीला थोडासा रंग दिला तरी ती रंगीत काचेसारखी उजळ दिसते. हवा आत राहिलेल्या फोडीला दुप्पट रंग दिला तरी ती भिंतीला दिलेल्या रंगासारखी निस्तेज दिसते. पुढची सगळी कृती ही हवा काढण्यासाठी आणि तिच्या जागी पाक नेण्यासाठी असते.

फळ पूर्ण वाढलेले पण अजिबात न पिकलेले घ्यावे लागते. साल गडद हिरवी, फळ दगडासारखे घट्ट आणि कापल्यावर बिया पांढऱ्या, ही त्याची ओळख. बिया काळ्या व्हायला लागल्या असतील आणि गरावर पिवळी किंवा गुलाबी झाक आली असेल, तर ते फळ या कामाचे नाही. पिकण्याबरोबर गरातले पेक्टिन विरघळू लागते आणि असे तुकडे उकळीत मऊ पडतात. शिवाय पिवळसर गरावर हिरवा रंग शेवाळी दिसतो आणि गुलाबी विटकरीकडे झुकतो. अगदी कोवळे फळही नको. त्याचा गर पातळ असतो आणि चीक फार.

चीक ही पहिली अडचण. साल काढायला लागताच तो पांढऱ्या थेंबांनी पाझरतो. त्याने हाताची कातडी चुरचुरते आणि संवेदनशील माणसाला पुरळही उठते. फणस कापताना लावतात तसे हाताला आणि सुरीला तेल लावले की त्रास कमी होतो. सालीवर चार-पाच उभे चरे पाडून फळ तासभर उभे ठेवले, तर बराचसा चीक निघून जातो. मग साल काढून, उभे दोन भाग करून, बिया आणि त्यांच्याखालचा मऊ पापुद्रा चमच्याने खरवडून काढतात. हा पापुद्रा ठेवला तर त्या बाजूचा पृष्ठभाग पुढे लोंबकळतो. गराचे ६ ते ८ मिलिमीटरचे चौकोनी तुकडे करून ते लगेच पाण्यात टाकावेत. पाकात मुरताना आणि वाळताना तुकडा आकसतो, म्हणून तयार मालात हवा त्याहून थोडा मोठा कापतात. तुकडे एकसारखे असण्याला इथे सौंदर्यापेक्षा सोयीचे महत्त्व आहे. लहानमोठे तुकडे एकाच पातेल्यात असले, तर लहान मऊ होईपर्यंत मोठ्यांचा गाभा कच्चाच राहतो.

दीड किलोच्या आसपास फळ घेतले, तर साल-बिया जाऊन साधारण १ किलो तुकडे मिळतात. पुढचा हिशोब या १ किलोचा आहे.

तुकडे आधी चुन्याच्या निवळीत ठेवतात. दोन चहाचे चमचे खाण्याचा चुना दीड लिटर पाण्यात ढवळून पाणी तासभर स्थिर ठेवावे आणि वरचे नितळ पाणी तेवढे अलगद ओतून घ्यावे. चुना पाण्यात फारच थोडा विरघळतो, लिटरला दीड-पावणेदोन ग्रॅम. त्यामुळे चुना कितीही टाकला तरी निवळी ठरावीकपेक्षा तीव्र होत नाही. मापाची चूक पोटात घेणारी अशी ही जुनी पद्धत आहे, मात्र खालचा गाळ निवळीत येता कामा नये. निवळीतले कॅल्शियम गरातल्या पेक्टिनला जाऊन मिळते आणि पेशींच्या भिंती एकमेकींना बांधल्या जातात. त्यामुळे उकळीत आणि आठवडाभराच्या पाकात तुकड्याचे कोपरे शाबूत राहतात. एवढ्या लहान तुकड्यांना तास-दीड तास पुरे. रात्रभर ठेवले तर बाहेरचा थर इतका कडक होतो की पाक आत शिरायला अडतो आणि टुटीफ्रुटी चावताना करकरते. कारखान्यांत चुन्याऐवजी बहुधा कॅल्शियम क्लोराइड वापरतात.

निवळीतून काढलेले तुकडे तीन-चार पाण्यांनी धुवावे लागतात. चुना राहिला आहे की गेला, हे पाहण्याची परीक्षा देवघरातच सापडते. हळदीला चुना लागला की ती लाल होते. कुंकू याच गुणावर बनते. शेवटच्या धुण्याचे थोडे पाणी वाटीत घेऊन त्यात चिमूटभर हळद टाकावी. पाणी पिवळे राहिले तर चुना गेला. लालसर झाले तर आणखी एकदा धुवावे. ही परीक्षा टाळली तर पुढे दोन गोष्टी बिघडतात : पाकात घालायचे सायट्रिक ॲसिड उरलेल्या चुन्याशी लढण्यात खर्च होते आणि चुन्याच्या संगतीत साखरेचा पाक लवकर पिवळा पडतो.

त्यानंतर उकळत्या पाण्याची पाळी, म्हणजे ब्लांचिंग. एका मोठ्या पातेल्यात ३ ते ४ लिटर पाण्याला खळखळून उकळी आणावी आणि त्यात तुकडे सोडावेत. पाणी भरपूर हवे, कारण गार तुकडे पडताच उकळी मोडते आणि थोड्या पाण्यात ती परत यायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात तुकडे शिजतात कमी आणि भिजतात जास्त. उकळी पुन्हा आल्यापासून ४ ते ५ मिनिटे मोजावीत. या मिनिटांत पातेल्याकडे लक्ष देऊन पाहिले, तर तुकड्यांच्या कडांमधून बारीक बुडबुडे सुटताना दिसतात. काही बुडबुडे पाण्याच्या वाफेचे असतात, पण गरात कोंडलेली हवाही त्यांच्याबरोबर बाहेर पडत असते. तुकडे आधी तरंगत असतात, मग एकेक करून खाली बसू लागतात. कडा दुधाळ न राहता मेणासारख्या दिसू लागतात आणि ही झाक हळूहळू गाभ्याकडे सरकते.

उकळीत हवेबरोबर आणखी दोन कामे होतात. उरलासुरला चीक आणि रंग बिघडवणारी द्रव्ये उष्णतेने निकामी होतात. तिसरे काम सर्वांत महत्त्वाचे. जिवंत पेशीभोवतीचे आवरण पाण्याला ये-जा करू देते, साखरेला मात्र दाराशीच अडवते. कच्ची फोड सरळ पाकात टाकली तर तिच्यातले पाणी बाहेर येते, साखर आत जात नाही आणि फोड लोणच्यातल्या कैरीसारखी आकसते. उकळत्या पाण्याने हे आवरण मरते आणि साखरेची वाट मोकळी होते. म्हणून ब्लांचिंग कमी झाले, तर नंतर कितीही दिवस पाकात ठेवले तरी तुकड्याच्या मधोमध पांढरा ठिपका राहतो. जास्त झाले तर लगदा होतो.

योग्य क्षण ओळखायला एक तुकडा काढून दोन भागांत कापावा. आरपार एकच मेणासारखी झाक असेल आणि बोटांत दाबल्यावर तुकडा लवचिकपणे दबून पुन्हा वर येत असेल, तर बाकीचे लगेच रोळीत उपसून गार पाण्यात टाकावेत, नाहीतर आतल्या उष्णतेने ते शिजतच राहतात. गार झाले की १५-२० मिनिटे निथळू द्यावेत. अंगावर राहिलेले पाणी पहिल्या पाकात उतरते आणि सगळा हिशोब पातळ करते.

पाकाचा नियम एका वाक्यात सांगता येतो : पाकाने फोडीच्या थोडेच पुढे राहावे. फोडीत पाणी आणि बाहेर एकदम दाट पाक असला, तर पाणी झपाट्याने बाहेर धावते. साखरेचा रेणू मोठा आणि संथ, तो तेवढ्या वेगाने आत पोहोचत नाही. मधल्या वेळात फोड चिमते, तिच्या बाहेरच्या भागात साखर दाटून बसते आणि आत जायचा रस्ता बंद होतो. घाई केलेली टुटीफ्रुटी बेदाण्यासारखी सुरकुतलेली आणि चिवट असते ती यामुळे.

पहिल्या दिवशी ७०० मिलिलिटर पाण्यात ५०० ग्रॅम साखर उकळावी. स्वच्छ पांढरी साखर घेतली तरी उकळताना कडेला करडी मळी येते. दोन चमचे दूध घातले की ती एकत्र जमते आणि झाऱ्याने काढून टाकता येते. पारदर्शक तुकड्यात पाकाचा प्रत्येक दोष दिसतो, म्हणून पाक फडक्यातून गाळून घेणे चांगले. हा पाक साधारण ४२ टक्के साखरेचा असतो. त्यात निथळलेले तुकडे घालून एक-दोन मिनिटे उकळी द्यावी, पातेले उतरवावे, तुकडे वर येऊ नयेत म्हणून त्यांच्यावर एक ताटली दाबून ठेवावी आणि झाकून २४ तास सोडून द्यावे.

दुसऱ्या दिवशी चव घेतली तर तोच पाक सरबताएवढा गोड लागतो. साखर कुठे हरवलेली नसते. १ किलो तुकड्यांत ९०० ग्रॅमहून जास्त पाणी असते आणि ५०० ग्रॅम साखर आता पाक आणि फोडी मिळून २२०० ग्रॅमांत वाटली गेलेली असते. आत आणि बाहेर दोन्हीकडे प्रमाण २३-२४ टक्क्यांवर येऊन थांबते. एकदा बरोबरी झाली की त्या पाकात फोडी आणखी कितीही ठेवल्या तरी काही घडत नाही. फक्त आंबण्याचा धोका वाढतो, कारण एवढा पातळ पाक यीस्टला फार आवडतो. पृष्ठभागावर फेस आणि ताकासारखा किंवा दारूसारखा आंबूस वास आला, तर समजावे की एक दिवस उशीर झाला. अगदी सुरुवातीचा फेस पाक आणि फोडी दोन्ही उकळून थांबवता येतो, पण वास मुरलेला असेल तर तो जात नाही आणि माल टाकून द्यावा लागतो. उन्हाळ्यात पहिले दोन दिवस २४ तासांऐवजी १२ ते १६ तासांनीच पुढचा पाक करणे शहाणपणाचे.

दुसऱ्या दिवशी फोडी रोळीत काढून नुसत्या पाकात ३०० ग्रॅम साखर घालावी आणि सात-आठ मिनिटे उकळून थोडे पाणी आटवावे. आटवायचा तो पाकच. फोडी त्यात ठेवून उकळत राहिले तर त्या मऊ पडतात आणि त्यांचा रंगही बदलतो. गरम पाकात फोडी परत घालून एक उकळी द्यावी आणि पातेले पुन्हा २४ तास झाकून ठेवावे.

तिसऱ्या दिवशी २०० ग्रॅम साखर आणि २०० ग्रॅम लिक्विड ग्लुकोज घालतात. बेकरीचे सामान मिळते त्या दुकानात ते मधासारखे दाट आणि बिनरंगी मिळते. ते घालण्याचे कारण शेवटच्या दिवशी कळते. साध्या साखरेचा पाक खोलीच्या तापमानाला ६७ टक्क्यांच्या आसपास तृप्त होतो. टुटीफ्रुटी टिकण्यासाठी मात्र साखर ७० टक्क्यांच्या वर न्यावी लागते. एकट्या साखरेने तिथवर गेले, तर जास्तीची साखर दाणेदार होऊन बाहेर पडते आणि महिन्याभरात पारदर्शक तुकड्यावर पांढरे बुरशीसारखे पटल दिसते. पाकात निरनिराळ्या साखरा मिसळलेल्या असल्या की स्फटिक सहज बनत नाहीत. पाकवलेल्या फळांसाठीच्या भारतीय मानकातही एकूण साखर किमान ७० टक्के आणि तिच्यातला किमान चौथा भाग ग्लुकोज-फ्रुक्टोजसारख्या साध्या, म्हणजे रिड्यूसिंग, साखरेचा अशी अट आहे. टिकाऊपणा आणि चकाकी या दोन्हींची तजवीज त्या अटीत आहे.

रंग द्यायची वेळही याच दिवशी येते. फोडी अर्ध्याअधिक पाकवलेल्या असतात, त्यांतली हवा गेलेली असते आणि पाक अजून इतका पातळ असतो की रंग त्याच्याबरोबर गाभ्यापर्यंत जातो. शेवटी दाट पाकात रंग घातला तर तो वरच्या वर राहतो आणि केकच्या पिठात सुटतो. पाक आणि फोडी तीन भांड्यांत वाटून घ्याव्यात. खाण्याचा रंग चमचाभर कोमट पाण्यात पूर्ण विरघळवून मगच पाकात घालावा, नाहीतर एखाद्या फोडीवर गडद ठिपका बसतो. हिरवा रंग बहुधा पिवळा आणि निळा मिळून होतो. निळ्याचा एक थेंब जास्त झाला तरी पोपटी जाऊन औषधी हिरवा येतो. रंग नेहमी कमी वाटेल एवढाच द्यावा, कारण पुढे पाक आटतो, फोड आकसते आणि रंग आपोआप गडद होतो. कायद्याने परवानगी असलेल्या कृत्रिम रंगांची मर्यादा किलोला मिलिग्रॅमांत मोजली जाते. घरगुती डबीतल्या रंगात मीठ किंवा साखर मिसळलेली असते, म्हणून डबीवर छापलेले प्रमाण पाहूनच घालावे.

लाल रंगात एक बारकावा आहे. एरिथ्रोसिन हा गुलाबी-लाल रंग पाण्यात विरघळतो, पण आंबट द्रावणात न विरघळणारा होऊन जागच्या जागी बसतो. तो आधी साध्या पाकातून फोडीत मुरू दिला आणि दुसऱ्या दिवशी आम्ल घातले, तर तो फोडीतच अडकतो आणि शेजारच्या पिवळ्या फोडीला लाल करत नाही. डबाबंद फळांच्या मिश्रणातल्या चेरीला हाच रंग देण्याचे कारणही तेच. इतर लाल रंगांत हा गुण नाही, त्यामुळे ते थोडे सुटतातच. कृत्रिम रंग नको असतील तर हळदीचा पिवळा उष्णतेत टिकतो, मात्र उजेडात लवकर फिका पडतो. बीटाचा लाल रंग रोजच्या उकळीने तपकिरी होत जातो. तो वापरायचाच तर शेवटच्या पाकात आणि कोमट असताना घालावा लागतो, आणि तेवढी चमक त्यात येत नाही.

चौथ्या दिवशी प्रत्येक भांड्यातला पाक वेगळा काढून पाऊण चमचा सायट्रिक ॲसिड तिन्हींत सारखे वाटून घालतात. हे सगळे मिळून साधारण ३ ग्रॅम होते. आम्लामुळे उकळताना थोडी साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज बनतात, म्हणजे लिक्विड ग्लुकोजच्या कामाला मदत होते. आम्लाने गोडाला धारही येते. पाक मधापेक्षा किंचित पातळ होईपर्यंत आटवून फोडींवर ओतावा. यापुढे साखर घालायची नाही, फक्त रोज पाणी आटवायचे.

पाचव्या दिवशी पाक एकतारी करतात. थर्मामीटर असेल तर आधी साधे पाणी उकळून ते किती अंशाला उकळते ते पाहावे. पाकाची उकळी त्याहून साधारण ५ ते ६ अंश वर गेली की साखर ७० टक्क्यांच्या आसपास आलेली असते. समुद्रसपाटीला हा आकडा १०५-१०६ अंश येतो, पुण्या-नाशिकच्या उंचीवर दोनेक अंश कमी. म्हणून पुस्तकातला आकडा डोळे झाकून धरला तर घाटावर पाक नेहमीच जास्त आटतो. कारखान्यात हेच काम रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर थेंब टाकून एका नजरेत होते.

सहाव्या दिवशी सकाळी बोटावर पाक घेऊन पाहिला, तर काल आलेली तार मोडलेली असते. हा दोष नव्हे. फोडींत उरलेले पाणी रात्रभरात बाहेर येऊन पाकात मिसळलेले असते. पाक पुन्हा एकतारी करून फोडींवर ओतायचा. सातव्या दिवशी बहुधा तार जेमतेम टिकते किंवा थोडी कमी पडते. कमी पडली तर आणखी एक फेरी. रात्रभर मुरल्यावरही गार पाकाची तार मोडली नाही, म्हणजे आत आणि बाहेर साखर सारखी झाली आणि फोडीने घ्यायचे तेवढे घेतले. दिवस मोजण्यापेक्षा ही खूण भरवशाची. त्यानंतर फोडी त्याच पाकात एक-दोन दिवस तशाच राहू देतात, कारण गाभ्यातले शेवटचे पांढरेपण या निवांत वेळात जाते.

मधल्या कोणत्याही टप्प्यावर फोडी सुरकुतल्या दिसल्या, तर पाक पुढे आणि फोडी मागे पडलेल्या असतात. पाकात अर्धी वाटी गरम पाणी मिसळून तो कोमट असताना फोडींवर ओतला आणि दिवसभर थांबले, तर त्या बऱ्याच प्रमाणात पुन्हा फुगतात. एक दिवस वाया जातो, माल वाचतो. पूर्ण चिवट झालेल्या फोडींना मात्र हा उपाय लागू पडत नाही.

वाळवण्यापूर्वी फोडी रोळीत तासभर निथळतात. अंगावरचा चिकट पाक तसाच वाळू दिला तर त्याचे पटल बनते आणि चमक झाकली जाते. म्हणून रोळी उकळत्या पाण्यात बुडवून लगेच, मनात दोन आकडे मोजेपर्यंत, बाहेर काढतात. वरचा पाक तेवढा धुऊन निघतो, आतला तसाच राहतो. मग फोडी ताटात किंवा जाळीवर एकमेकींना न चिकटतील अशा पसरून पंख्याखाली सावलीत एक ते दोन दिवस ठेवतात. यंत्रात वाळवायच्या असतील तर ५० ते ६० अंश पुरतात, त्याहून जास्त उष्णतेने साखर करपट पिवळी पडते. उन्हात पापड-सांडगे वाळवण्याची सवय इथे उपयोगाची नाही, कारण उन्हाने बरेच रंग उडतात. तिन्ही रंग पूर्ण सुकेपर्यंत वेगळेच ठेवावेत.

फोड वरून कोरडी आणि दाबल्यावर आत मऊ लागली की वाळवणे थांबवावे. मूठभर फोडी हातात घट्ट दाबून सोडल्या तर त्या सुट्या होऊन पडल्या पाहिजेत. गोळा राहिला तर आणखी काही तास लागतात. खडखडीत वाळवलेली टुटीफ्रुटी केकमध्ये खड्यासारखी लागते. १ किलो कच्च्या तुकड्यांतून साधारण पाऊण किलो तयार माल मिळतो. पाणी बरेच गेलेले असते आणि त्याच्या जागी साखर आलेली असते, म्हणून वजन वाटते तेवढे कमी होत नाही. कोरड्या, घट्ट झाकणाच्या बरणीत आणि उजेडापासून दूर ती काही महिने चांगली राहते. दमट हवेत बरणी वारंवार उघडली तर साखर हवेतले पाणी ओढते आणि फोडी परत चिकट होतात. पॅकबंद मालाच्या लेबलवर आयएनएस २२४ असा आकडा दिसला, तर तो पोटॅशियम मेटाबायसल्फाइटचा. फोडींचा पांढरेपणा टिकवण्यासाठी आणि बुरशी दूर ठेवण्यासाठी ते थोड्या प्रमाणात वापरायला परवानगी आहे.

उरलेला पाक पाऊण-एक किलो भरतो आणि तीन रंगांचा असतो. तो सरबताला, बेकरीत बनवर फिरवायला किंवा आइस्क्रीमवर ओतायला वापरतात. पुढच्या खेपेच्या तिसऱ्या दिवसाच्या पाकात, त्याच रंगाच्या भांड्यात, तो मिसळता येतो आणि तेवढी साखर वाचते. मात्र तोच पाक दोन-तीन खेपांहून जास्त फिरवला, तर वारंवार उकळून तो तपकिरी होतो आणि नव्या फोडींची चमक पहिल्या दिवसापासूनच मंदावते.